भावाचा इलाज बहिणीला

माझ्या नातवाला अपंगत्वाचा दाखला मिळाला तेव्हा माझ्या मुलाने गल्लीत पेढे वाटले. शेजारणीने पेढा घेतला आणि विचारलं, मुलगा पास झाला का. सुनेने सांगितलं, नाही, त्याला एलडी, म्हणजे शिकण्यातलं अपंगत्व, आहे असं सरकारी रुग्णालयाने लिहून दिलं. शेजारणीचा पेढा हातातच राहिला. तिला वाटलं असेल, ही माणसं वेडी झाली.

वेडी नव्हतो. सातवीपर्यंत त्या पोराला घरात आणि शाळेत गधडा म्हणत होते. बोलायला पोपट, भांडायला वकील, मिक्सर बिघडला तर उघडून दुरुस्त करून ठेवणारा, आणि पुस्तक पुढे ठेवलं की घशात हाड अडकल्यासारखा. ‘घ’ आणि ‘ध’ त्याला एकच दिसायचे. जोडाक्षर आलं की तो पाणी प्यायला उठायचा. धडा दोनदा ऐकला की पाठ, मग पुस्तकात बघून वाचल्यासारखं करायचा. बोट भलत्याच ओळीवर असायचं. माझ्या मुलाने त्याला पट्ट्याने मारलेलं मी पाहिलं आहे. आळस काढतो म्हणायचा.

मग शाळेतल्या एका बाईंनी सांगितलं म्हणून रुग्णालयात नेलं. डोळे तपासले, कान तपासले, मग बुद्धीची परीक्षा घेतली, मग वाचायला, लिहायला, गणितं करायला लावलं. चार-पाच खेपा झाल्या. शेवटी तिथल्या डॉक्टरांनी सांगितलं, पोरगा हुशार आहे, बुद्धी चांगली आहे, फक्त अक्षरं आणि त्यांचे आवाज यांचा मेळ त्याच्या डोक्यात बसत नाही. हा आळस नाही. त्याला वेगळ्या पद्धतीने वाचायला शिकवा, परीक्षेत वेळ जास्त द्या, लेखनिक द्या. तो सांगेल, दुसरा लिहील.

पेढे त्याचे होते. पोरगा हुशार निघाला याचे. आणि माझ्या मुलाचे हात त्यानंतर कधी त्याच्यावर उठले नाहीत, हेही खरं.

त्या डॉक्टरांनी जाता जाता आणखी एक गोष्ट सांगितली. हे पुष्कळदा घराण्यात असतं, वडिलांना, भावंडांना असू शकतं. माझा मुलगा ते ऐकून खुर्चीत सरळ बसला. तो स्वतः नववीत दोनदा नापास होऊन अंबडला कारखान्यात लागलेला माणूस. आजही वर्तमानपत्राचा मथळा वाचून पान उलटतो. घरी आल्यावर मला म्हणाला, “आई, मीपण ढ नव्हतो.” चाळिशीतल्या माणसाला हे समजलं. त्याचे डोळे भरले होते. मी चहा टाकला. 

डॉक्टरांचं बोलणं चुकीचं नव्हतं. पण आमच्या घरात ते एक वाक्य ज्या तऱ्हेने रुजलं, त्यातून पुढचं सगळं झालं.

नातीची गोष्ट सांगायची म्हणजे भावाची आधी सांगावीच लागते. ती त्याच्याहून पाच वर्षांनी लहान. शांत पोर. उशिरा चालली, उशिरा बोलली, पण चालली आणि बोलली, म्हणून कोणी लक्ष दिलं नाही. तिचं अक्षर इतकं सुरेख की पाहुण्यांना वही दाखवायचो. फळ्यावरचं जसंच्या तसं उतरवायची, एक काना इकडचा तिकडे नाही. तिसरीत असताना वर्गशिक्षिकेने सुनेला बोलावून सांगितलं की मुलगी मागे पडते आहे, सगळ्याच विषयांत, एकदा तिची तपासणी करून घ्या.

सुनेने घरी येऊन सांगितलं. मुलाने डोक्याला हात लावला नाही, चिडला नाही. उलट हसला. “तपासायचं काय त्यात? आपल्याला माहीत आहे काय ते. दादाचंच हिला आहे.”

कोणाला काही खटकलं नाही. मलाही नाही. एकाच आईची दोन पोरं, दोघं शाळेत मागे, आणि डॉक्टरच म्हणाले होते की घराण्यात असतं. शिवाय तपासणी म्हणजे पुन्हा त्या खेपा, मुलाच्या सुट्ट्या, सुनेच्या शिवणकामाच्या दुकानातल्या रजा. दाखला लागतो तो दहावीला. तेव्हा नववीत जाऊन काढू, असं ठरलं. तोवर शिकवणी तर सुरू करू, म्हणजे वेळ फुकट जाणार नाही.

वेळ फुकट जाऊ नये म्हणून जे केलं त्यातच सगळा वेळ गेला.

नातवाला शिकवणाऱ्या बाई आमच्या घरापासून दोन चौक पुढे राहायच्या. अशा मुलांना शिकवायचं रीतसर शिक्षण घेतलेल्या होत्या. त्यांचा नियम होता, आधी रिपोर्ट दाखवा, मग मुलाला घेते. नातवाच्या वेळी रिपोर्ट आला नव्हता तर त्यांनी दारातूनच परत पाठवलं होतं. पण आता आम्ही ओळखीचे झालो होतो. नातू त्यांच्याकडे वाचायला शिकला होता, दिवाळीला आम्ही फराळाचा डबा द्यायचो, त्यांच्या घरातल्या पंख्याचं बटण नातवानेच बदललं होतं. सून नातीला घेऊन गेली तेव्हा त्या म्हणाल्या, रिपोर्ट नंतर करा सावकाश, घर माहितीतलं आहे. त्यांचा लाखाचा नियम त्यांनी आमच्यासाठी मोडला, आणि आम्हाला ते प्रेम वाटलं.

आई-बाप कामावर, म्हणून पोरीला न्यायचं-आणायचं माझ्याकडे. बाहेरच्या खोलीत मी बसायची. दार उघडंच असायचं. बाईंची पद्धत मला आता तोंडपाठ आहे. ताटात रवा पसरायचा, त्यात बोटाने अक्षर काढायचं, काढताना त्याचा आवाज मोठ्याने म्हणायचा. शब्दाचे तुकडे करायचे, टाळी वाजवून जोडायचे. मात्रा लाल रंगाने, वेलांटी हिरव्याने. नातवाला या रव्याने वाचवलं. तो पहिल्या दिवशी अर्धा रवा जमिनीवर सांडून आला होता आणि दुसऱ्या वर्षी बसवरच्या पाट्या वाचायला लागला होता.

नातीने एक कणही सांडला नाही. जे सांगितलं ते केलं. अक्षरं तिला येतच होती. आवाजही येत होते. तुकडे जोडायला तिला वेळ लागला, पण एकदा जमलं की जमलं. वर्षभरात ती धडा घडाघडा वाचायला लागली. बाई खूष झाल्या, भावापेक्षा लवकर वाचायला लागली म्हणाल्या. सुनेने त्या दिवशी शेवयांची खीर केली.

धडा वाचून झाल्यावर बाईंनी एकदा विचारलं होतं, यातला मुलगा नदीवर का गेला? नातीने धड्यातलं शेवटचं वाक्य पुन्हा म्हणून दाखवलं. बाईंनी पुन्हा विचारलं. तिने पुन्हा तेच वाक्य म्हटलं, थोडं मोठ्याने. बाईंना वाटलं, दमली. मलाही वाटलं, दमली. माझं शिक्षण कळवणकडच्या शाळेत चौथीपर्यंत. मला जे शिकल्यासवरल्या बाईंना दिसलं नाही ते दिसायचं कारण नव्हतं, आणि दिसलंही नाही.

घरातही खुणा होत्याच. भाऊ पत्त्यात लबाडी करायचा आणि पकडला गेला तर वकिली करायचा. तिला पत्त्यांचा खेळच सांगावा लागायचा, दर वेळी पहिल्यापासून. टीव्हीवरचा विनोद सगळे हसले की ती हसायची, थोडी मागून. दुकानातून तीन जिनसा आणायला सांगितल्या तर एक आणायची, आणि बाकीच्या विसरले असंही म्हणायची नाही, कारण तीन होत्या हेच तिच्या डोक्यातून गेलेलं असायचं. भाकरी शिकायला तिला वर्ष लागलं. रोज एकच भाकरी, रोज तेच शब्द, पाणी असं, पीठ असं, थापायची अशी. पण वर्षाने जी आली ती आली. आज तिच्यासारखी भाकरी माझ्या सुनेला येत नाही. हे सगळं आता जुळवता येतं. तेव्हा आम्ही म्हणायचो, मुलगी साधी आहे.

शाळेत मात्र ती दर वर्षी आणखी मागे जात होती. वर्ग पुढे जायचे, कारण आठवीपर्यंत कोणाला खाली ठेवत नव्हते. ती मागच्या वर्षाचं अर्धं शिकलेली असायची तोवर नवीन पुस्तकं यायची. आणि घरात तिला आम्ही काय सांगायचो? दादाला बघ. दादाचं पण असंच होतं. तुझ्या आत सगळं आहे, फक्त बाहेर यायचंय. एक दिवस कळ दाबल्यासारखं होईल.

हे मुलाने सांगितलं, सुनेने सांगितलं, बाईंनी सांगितलं. नातवानेही सांगितलं, आणि त्याने तर मनापासून. त्याला लेखनिक मिळाला, तो दहावी चांगल्या मार्कांनी पास झाला, आयटीआयला इलेक्ट्रिशियनला लागला. बहिणीला म्हणायचा, “थांब जरा. माझं सातवीत उघडलं, तुझं आठवीत उघडेल.” पोर मान हलवायची. तिचा भावावर फार विश्वास.

आठवीत सुनेने शाळेच्या बाईंना विनंती केली की घटक चाचणीला हिला लेखनिक देऊन बघा, दहावीला सवय असलेली बरी. नियमात नव्हतं, पण शाळेची आपली चाचणी होती, बाईंनी ऐकलं. लेखनिक खालच्या वर्गातला असावा लागतो, म्हणून सातवीतली एक चुणचुणीत मुलगी दिली. आमच्याच गल्लीतली. पेपर झाल्यावर दोघी बरोबर घरी आल्या. नात हात-पाय धुवायला आत गेली आणि ती पोरगी दारात उभी राहून चपलेने फरशी उकरायला लागली.

“आजी, माझ्यावर रागावू नका हां.”

मी म्हटलं, का गं, काय केलंस?

“मी काहीच केलं नाही. तेच सांगतेय. मी प्रश्न वाचला, दोनदा वाचला. दीदी काही सांगतच नव्हती. मी काय लिहू? मला येत होतं उत्तर, पण बाई म्हणाल्या होत्या, आपल्या मनाचं लिहायचं नाही.”

त्या चाचणीत नातीला नेहमीपेक्षाही कमी मार्क मिळाले. स्वतः लिहायची तेव्हा निदान पाठ केलेलं, घोटलेलं, सुरेख अक्षरात दोन पानं भरायची. कोणी तरी दोन मार्क द्यायचं. लेखनिकाने तेही गेलं. कारण लेखनिकाला उत्तर सांगावं लागतं. डोक्यात तयार असावं लागतं. भावाच्या डोक्यात ते तयार असायचं आणि हातापाशी अडकायचं. हिचा हात मोकळा होता.

सुनेने हे ऐकलं आणि ती प्रथमच घाबरली. मुलगा म्हणाला, पहिलीच वेळ, बुजली असेल.

नववीत रुग्णालयात नेलं. आता दाखला हवाच होता. मुलाने सुट्टी काढली, सुनेने दुकानातून रजा घेतली, मीही गेले, कारण पोर माझ्याबरोबर असली की बरी बसते. पुन्हा डोळे, पुन्हा कान. मग तिथल्या मॅडमनी तिला आत घेतलं. ठोकळ्यांनी नक्षी जुळवायची, आकडे ऐकून उलटे सांगायचे, दोन गोष्टींत सारखं काय ते सांगायचं, चित्रात काय राहिलं ते ओळखायचं. दुसऱ्या दिवशी वाचन, श्रुतलेखन, गणित. ती बाहेर आली की मी विचारायची, कसं गेलं. म्हणायची, छान. तिला सगळंच छान जायचं.

शेवटच्या दिवशी मॅडमनी आम्हा तिघांना आत बोलावलं आणि नातीला बाहेरच्या बाकावर बसवायला सांगितलं. मुलाने दाखल्यासाठी फोटो, आधारकार्ड, सगळं पिशवीत आणलं होतं. पिशवी मांडीवर ठेवून तो बसला.

मॅडम तरुण होत्या, पण घाईच्या नव्हत्या. त्यांनी आधी विचारलं, आजवर हिला काय शिकवलं. सुनेने सगळं सांगितलं. रवा, टाळ्या, लाल मात्रा. मॅडमनी ऐकून घेतलं. मग म्हणाल्या की मुलीला एलडी नाही.

मुलगा म्हणाला, असं कसं, मॅडम? डॉक्टरच म्हणाले होते, घराण्यात असतं.

त्या म्हणाल्या, असतं. म्हणून तर लगेच तपासायचं. न तपासता धरून चालायचं नाही.

मग त्यांनी कागदावर दोन रेघा काढून दाखवल्या. एक रेघ आमच्या नातवासारख्या मुलाची. वर जाते, धपकन खाली येते, पुन्हा वर. मला वणीकडून दिसणारे डोंगर आठवले, सुळके आणि खिंडी. समजण्यात वर, बोलण्यात वर, वाचण्यात एकदम दरी. त्या दरीवर पूल बांधायचा असतो, लेखनिक हा पूल, जादा वेळ हा पूल. दुसरी रेघ नातीची. सरळ. कुठे दरी नाही, कुठे सुळका नाही. पण सगळीच इतर मुलांच्या रेघेच्या थोडी खाली.

“तिचं वाचन तिच्या समजेच्या बरोबरीनं आहे,” मॅडम म्हणाल्या. “कुठे काही अडकलेलं नाही, आजी. ती जितकं शिकू शकते तितकं शिकते आहे. फक्त सावकाश. शाळा तिच्या पुढे पळते.”

अशा मुलांना स्लो लर्नर म्हणतात, असं त्यांनी सांगितलं. बुद्धी सरासरीच्या जराशी खाली. अपंगत्वात मोडेल इतकी खाली नाही.

माझा मुलगा कारखान्यातला माणूस, त्याला हे लगेच कळलं, आणि त्याने जे विचारलं ते ऐकून सुनेने मान खाली घातली. “मग मॅडम, तो खालचा दाखला द्या. मतिमंदाचा. काहीतरी सवलत मिळेल.”

मॅडम रागावल्या नाहीत. त्यांना हे रोज ऐकावं लागत असावं. म्हणाल्या, तोही बसत नाही. ती त्याच्या वर आहे, आणि ही चांगली गोष्ट आहे.

“चांगली कशी? वरच्यात नाही, खालच्यात नाही. मग ही कशात?”

“कशातच नाही. आज तरी नियमात तिच्यासाठी दाखला नाही.”

पिशवी मुलाच्या मांडीवरून घसरली, ती मी उचलली.

दाखला नसला तरी इलाज आहे, असं मॅडम सांगत राहिल्या. कमी विषय. छोटे तुकडे. एक गोष्ट पक्की होईपर्यंत दुसरी नाही. गणित आधी हातात, मणी, वाट्या, दोरी, मग कागदावर. धडा एका पानाचा, आणि तो स्वतःच्या शब्दांत सांगता आल्याशिवाय पुढचा नाही. परीक्षा मुक्त शाळेतून द्यायची, तिथे विषय निवडता येतात, गणित सक्तीचं नसतं, एका वेळी एक-दोन विषय सोडवता येतात. मी ऐकत होते आणि माझ्या डोक्यात एकच चालू होतं, ही तर भाकरी शिकवण्याची रीत. मी ती केली होती, पण भाकरीसाठी. पुस्तकासाठी कोणी केली नाही, कारण पुस्तकासाठी रवा होता.

सुनेने विचारलं, हे तिसरीत सुरू केलं असतं तर?

मॅडमनी सांगितलं, खूप फरक पडला असता. ती हुशार झाली असती असं नाही. पण तिचं मागचं राहिलं नसतं. “तिला जे आधीच येत होतं ते तुम्ही सहा वर्षं शिकवलंत. जे येत नव्हतं, ते कोणी शिकवलंच नाही.”

गोड बोलून सांगितलं असतं तर बरं वाटलं असतं, पण खोटं झालं असतं. मला त्या मॅडम आवडल्या.

दार नीट लागलेलं नव्हतं, हे बाहेर आल्यावर कळलं. नात बाकावर नव्हती, दारापाशी उभी होती. रिक्षात ती माझ्या आणि सुनेच्या मधे बसली. मुलगा पुढे रिक्षावाल्याशेजारी. मायको सर्कल मागे पडलं. मग तिने मला विचारलं, आईला नाही, “आजी, म्हणजे माझ्या आत दादासारखं काही नाहीये का?”

ही पोर सांगितलेल्या तीन जिनसांतल्या दोन विसरते. ‘तुझ्या आत सगळं आहे’ हे आमचं वाक्य मात्र तिने सहा वर्षं सांभाळून ठेवलं होतं.

मी म्हटलं, तुझं तुझं आहे. हे उत्तर नव्हतं. तिला समजलं की नाही, ठाऊक नाही. तिने पुन्हा विचारलं नाही.

घरी त्या दिवशी नातू बापावर तुटून पडला. कामाचे कपडे अंगावर तसेच. “माझं औषध तिला पाजत बसलात. विचारायचं तरी होतं कुणाला.”   माझ्या मुलाने वाईट हेतूने काही केलं नव्हतं. आपण ढ नव्हतो हे ज्याला चाळिशीत कळलं, त्याला आपल्या लेकीबद्दल तसंच वाटणार. त्याने तिला स्वतःसारखं समजलं, आणि भावासारखं समजलं. ती कशी आहे ते बघायचं राहिलं.

दोन दिवसांनी शिकवणीच्या बाई घरी आल्या. सुनेने फोनवर सांगितलं होतं. खुर्चीच्या कडेवर बसल्या, पाणी घेतलं नाही. त्यांनी सरळ सांगितलं की रिपोर्ट मागायला हवा होता, ओळखीत राहून गेलं, आणि मुलगी वाचायला लागली तेव्हा आनंदात पुढचं पाहिलं नाही. आता नव्याने, मॅडम म्हणाल्या तसं, शिकवते. मी त्यांना मनात शिव्या घालायच्या म्हणून तयार होते, पण घालता आल्या नाहीत. त्यांच्या जिवावर आमचा नातू उभा आहे.

नातीला विचारलं. ती म्हणाली, “नको. आता मला शिकवू नका.” आवाज चढवून नाही. जेवायला नको म्हणतात तसं.

मुक्त शाळेला मुलगा आधी तयार नव्हता. लोक नापासांची शाळा म्हणतील, असं त्याचं म्हणणं. मी त्याला म्हटलं, “लोक तुला पण काय काय म्हणाले, तू मेलास का? पोरीला दहावीच्या पेपरात बसवून रडवायचं असेल तर बसव.” शेवटी नववीनंतर शाळा बदलली. पाच विषय निवडले, गणित सोडून. मराठी आणि गृहविज्ञान आधी. शिकवायला बाईच येतात, आमच्याच घरी, कारण त्यांच्या घरी ती जायला तयार नाही. तो रवा तिला बघायचा नाही.

बाई एक पान घेतात. ते पान हातात करून दाखवतात, गृहविज्ञानाचं असेल तर चुलीपाशीच. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच पान. जमतं आहे. खरंच जमतं आहे. दोन्ही विषय ती पास झाली, काठावर नाही, बऱ्यापैकी. म्हणजे मॅडम बोलल्या ते बरोबर होतं, आणि त्यामुळेच जास्त जाळतं. चुकीचं निघालं असतं तर निदान म्हणता आलं असतं की तिला काही जमणारच नव्हतं.

पण ती बदलली आहे. तिसरीतली पोर सांगाल ते करायची, आनंदाने करायची. आता करते, पण विचारून करते. हे कशाला. याने काय होईल. बाईंनी शाबास म्हटलं की ती त्यांच्या तोंडाकडे बघत राहते, खरं आहे का ते पडताळल्यासारखी. कौतुकावरचा तिचा विश्वास उडाला आहे. सहा वर्षं आम्ही कौतुकच केलं होतं ना.

गेल्या महिन्यात आम्ही दोघी मेथी निवडत बसलो होतो. पुढच्या दोन विषयांचा अर्ज भरायचा होता. सूनबाई म्हणत होती, दोन्ही भरून टाकू, म्हणजे वर्ष वाचेल. मी नातीला विचारलं, तुला काय वाटतं?

तिने जुडी संपवली. मुळं एकीकडे, पानं एकीकडे. मग म्हणाली, “आजी, मी हळू आहे हे मला लहानपणीच सांगितलं असतं ना, तर मी वाट बघत बसले नसते.”

“कशाची वाट?”

“उघडायची. दादा म्हणायचा ना, उघडेल. मला वाटायचं, उघडल्यावर एकदम सगळं येणारच आहे, मग आत्ता कशाला डोकं फोडायचं. मी नुसती लिहून काढायची.”

आम्ही सगळ्यांनी तिला धीर दिला असं आम्हाला वाटत होतं. धीर नव्हता तो. आम्ही तिला थांबवून ठेवलं होतं, आणि ती शहाण्यासारखी थांबली होती. शिकायचं वय जे असतं, हळू शिकणाराला तर दुप्पट लागतं ते, त्यातली सहा वर्षं तिने बसून काढली, आमच्या शब्दाखातर.

 मी मेथीची दुसरी जुडी सोडली.

थोड्या वेळाने ती म्हणाली, एकच विषय भरू. दोन नको. एक नीट होतो.

सूनबाई आतून म्हणाली, अगं पण वर्ष जाईल. मी म्हटलं, जाऊ दे. ती म्हणते आहे तर एकच.

अर्ज एकाच विषयाचा गेला. तिने तो आपल्या हाताने लिहिला.